साडेआठ महिन्यांच्या बाळाला घेऊन नाशिकहून पहिली सहल

प्रश्न: आमची मुलगी डिसेंबरच्या मध्यावर साडेआठ महिन्यांची होईल. तेव्हा नाशिकहून तीन दिवसांची पहिली सहल करायची आहे. मिस्टरांना महाबळेश्वर हवंय. सासूबाई म्हणतात सापुताऱ्याला जाऊ आणि वाटेत वणीच्या देवीचं दर्शन घेऊ. ती अंगावर पिते, रात्री एकदा पावडरचं दूध घेते, दिवसातून तीनदा वरचं खाते. दिवसा दोनदा झोपते, पण झोळीतच. कुठे जावं? झोप आणि खाणं कसं सांभाळावं?

उत्तर:

सापुताऱ्याला जा. महाबळेश्वर वर्ष-दीड वर्षानंतर करा. मी नाशिकमध्ये बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि दिवाळीनंतर हा प्रश्न घेऊन आईबाबा दवाखान्यात येऊ लागतात. बहुतेकांनी ठिकाण आधीच ठरवलेलं असतं आणि बाळाची झोप त्यात कुठे बसवायची हे विचारायचं असतं. माझं म्हणणं उलटं आहे. आधी बाळाच्या झोपेचं घड्याळ मांडायचं, मग त्यात कोणतं गाव बसतं ते बघायचं.

या वयाचं बाळ सलग अडीच ते तीन तास जागं राहू शकतं. त्यापुढे ते थकतं, आणि थकलेलं बाळ लवकर झोपत नाही, उलट जास्त रडतं आणि झोपलं तरी अर्ध्या तासात उठतं. चार ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप लागते. तुमच्या मुलीची दिवसातली दोन झोपांची घडी बसली आहे, ही मोठी सोय आहे. गाडीत लागलेली झोप घरच्यापेक्षा हलकी असते, साधारण तासाभराची. उठल्यावर आणखी अर्धापाऊण तास ती खुळखुळ्याशी आणि तुमच्याशी खेळत बसेल. म्हणजे झोपेच्या वेळेला निघालात तर, डोळा लागेपर्यंतचा वेळ धरून, पावणेदोन-दोन तासांचा प्रवास सुखाचा होतो. एवढाच तुमचा पल्ला.

नाशिकहून दोन तासांच्या आसपास काय येतं? इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, भंडारदरा, जव्हार आणि सापुतारा. महाबळेश्वर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सात-आठ तासांत तिच्या दोन्ही झोपा गाडीत, दोन जेवणं रस्त्याच्या कडेला, आणि शेवटी घाट. दुसऱ्या दिवशी ती किरकिर करेल आणि तिसऱ्या दिवशी तोच प्रवास परतीचा. तीन दिवसांतला हातात उरतो तो एकच दिवस, तोही थकलेला.

भंडारदराही चांगलं आहे, पण तिथली राहायची ठिकाणं पाणलोटाच्या कडेने विखुरलेली आहेत आणि संध्याकाळनंतर औषधाचं दुकान शोधणं सोपं नाही. सापुताऱ्याचं गाव तळ्याभोवती एकवटलेलं आहे, सपाट रस्ता आहे, बाळाला कडेवर घेऊन किंवा बाबागाडीत बसवून निवांत फिरता येतं. अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर. दिंडोरी-वणीकडून जाणारा रस्ता हळूहळू चढतो. वळणावळणांचा मोठा घाट गावाच्या पलीकडे, वघईकडे उतरताना लागतो. म्हणून गिरा धबधब्याचा बेत यादीतून काढून टाका. डिसेंबरात त्याला पाणीही कमीच असतं. नाताळच्या आठवड्यातली गर्दी टाळून आठवडा आधी आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार असे दिवस निवडा. तळ्याकाठची शांतता आणि स्वयंपाकघरातल्या माणसांना तुमच्यासाठी असणारा वेळ, दोन्ही त्यातच मिळतं.

सासूबाईंच्या इच्छेबद्दल. नातीला कुलदैवताच्या पायावर घालायची इच्छा अगदी खरी आहे आणि ती पुरी व्हावी. पण या सहलीत नको. वणी गाव तुमच्या वाटेवर आहे, सप्तशृंगीचा गड नाही. गडासाठी नांदुरीला वळून घाट चढावा लागतो आणि वर दर्शनाची रांग. रोपवेने गेलात तरी एका झोपेचा आणि एका जेवणाचा वेळ त्यात जातो. त्यातच नेमकी झोपेच्या मध्यात ती उठवली गेली तर पुढची संध्याकाळ हातची जाते. नाशिकहून गड साठेक किलोमीटरवर आहे. सहलीनंतर एखाद्या कामाच्या दिवशी, सकाळच्या झोपेत निघून, स्वतंत्र अर्ध्या दिवसाचं दर्शन ठेवा. तारीख आताच ठरवून सासूबाईंना सांगितलीत तर त्यांनाही ते टाळल्यासारखं वाटणार नाही.

आणखी एक तारीख बघा. नऊ महिने पूर्ण झाले की गोवराची लस असते. त्या लसीचा ताप किंवा बारीक पुरळ लगेच येत नाही, साधारण सात ते बारा दिवसांनी येतं. लस घेऊन आठवड्याने सहलीला निघालेल्या घरात नेमका हाच ताप बाहेरगावी येतो आणि सगळे घाबरतात. तुमची सहल साडेआठ महिन्यांना आहे, म्हणजे लसीच्या आधी. तशीच राहू द्या, पुढे ढकललीत तर लसीनंतर दोन आठवडे सोडून जा.

आता निघायची वेळ. आपल्याकडे पहाटे पाचला निघायची सवय आहे, रस्ता मोकळा असतो म्हणून. बाळाबरोबर ते करू नका. डिसेंबरची थंडी, दिंडोरीच्या पुढे धुकं, आणि अर्धवट झोपेतून उचललेलं बाळ. शिवाय सकाळी सात-साडेसातला पोचून खोली दुपारी बारा-एकला मिळते. तोवर ती तुमच्या खांद्यावर, हॉटेलच्या कठड्याशी, सकाळची झोप हुकवत बसते. मी दुपारी निघायला सांगते.

तुमच्या मुलीचा दिवस असा धरते. साडेसहाला उठली, अंगावर प्यायली. साडेसातला नाचणीचं सत्त्व किंवा मऊ पोळी-दूध जे रोज असेल ते. सव्वानऊला पहिली झोप, घरी, नेहमीच्या जागी. याच तासाभरात सामान गाडीत ठेवा. साडेदहाला उठून दूध, बाराला वरणभात. जेवणानंतर लगेच गाडीत बसवू नका, वळणावर उलटी होते. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. एकच्या सुमारास थोडं अंगावर पाजून, ढेकर काढून, सव्वा-दीडला निघा. दिंडोरीच्या अलीकडेच तिचा डोळा लागेल. वणीच्या पुढे कुठे तरी उठेल. तिथे गाडी थांबवा, लंगोट बदला, अंगावर पाजा, दहा मिनिटं मोकळं खेळू द्या. चारपर्यंत सापुतारा. खोली तयार असते, उजेड असतो, आणि रात्री झोपायच्या आधी नवी खोली तिला चार तास बघायला मिळते. या वयात अनोळखी माणसं आणि जागा यांची भीती सुरू झालेली असते, म्हणून हे चार तास फार उपयोगाचे. तिला कडेवर घेऊन खोलीभर फिरा, खिडकी दाखवा, तिचीच गोधडी अंथरून तिच्यावर खेळू द्या.

परत येताना उलट करा. शेवटच्या दिवशी सकाळच्या झोपेला, सव्वानऊ-साडेनऊला निघा. हॉटेलची खोली सोडायची वेळ आणि तिची झोप एकमेकांना जुळतात. बारापर्यंत घरी, जेवण आणि दुसरी झोप आपल्या जागी.

गाडीत तिला मांडीवर घेऊ नका. आठ किलोचं बाळ जोराच्या ब्रेकला कुठल्याही आईच्या हातात राहत नाही, हात कितीही घट्ट असले तरी. मागच्या सीटवर, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून बसवायची बाळाची सीट घ्या. पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर ती कधीही लावू नका. 2019च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा अशा सीटने न बांधता नेल्यास हजार रुपये दंडही आहे. सीट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा दाखवलीत तर ती कमान करून रडेल. आठवडाभर आधी घरात जमिनीवर ठेवून तिला त्यात खेळवा, मग गंगापूर रोडवर दहा-पंधरा मिनिटांची चक्कर मारा. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये जाड स्वेटर नको, पट्टा सैल राहतो. पातळ कपडे घाला आणि पट्टा लावल्यावर वरून शाल पांघरा. ती झोपल्यावर मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकते का, हे मागे बसणाऱ्याने बघत राहायचं. म्हणून एक मोठं माणूस तिच्या शेजारी हवंच. पोचलात आणि ती अजून झोपेत असेल, तर सीटसकट खोलीत नेऊन ठेवू नका. उचलून सपाट गादीवर निजवा, उठली तरी चालेल.

तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी आली आहे, झोळी. हॉटेलच्या छताला कडी नसते. लहान बाळाची झोप साधारण पाऊण-एक तासाने हलकी होते. त्या क्षणी ज्या अवस्थेत ते झोपलं होतं तीच अवस्था शोधतं. झोका मिळाला तर परत झोपतं, नाही तर पूर्ण जागं होतं. सहलीतल्या बिघडलेल्या रात्रींमागे बऱ्याचदा हेच कारण असतं, आणि घरचे मात्र जागेला, थंडीला किंवा दृष्टीला दोष देत राहतात.

म्हणून निघायच्या किमान दोन आठवडे आधी सुरुवात करा. झोळी एकदम बंद करू नका. पहिले चार-पाच दिवस फक्त सकाळच्या झोपेला, कारण ती सगळ्यात सहज लागते. झोळीत जड डोळे होईपर्यंत झुलवा, मग झोका थांबवा आणि थांबलेल्या झोळीत झोप लागू द्या. पुढचे चार-पाच दिवस डोळे जड होताच उचलून जमिनीवरच्या गादीवर पाठीवर निजवा आणि छातीवर हात ठेवून हलकं थोपटा. रडली तर उचला, शांत करा, परत निजवा. दोन-तीन दिवस झोप छोटी होईल, ते अपेक्षित आहे. मग दुपारची झोप तशीच करा. थोपटताना एकच गाणं, एकच स्वर रोज ठेवा. झोळी सोबत नेता येत नाही, पण गाणं नेता येतं. दोन आठवड्यांनीही ती गादीवर अजिबात झोपत नसेल, तर दोन रात्रींऐवजी एक रात्र ठरवा. ते ओढूनताणून करण्यासारखं नाही.

खोली घेताना मी तीनच गोष्टी विचारायला सांगते. जेवणाच्या हॉलपासून आणि बागेतल्या गाण्यांपासून लांबची खोली आहे का. जमिनीवर घालायला जास्तीची गादी मिळेल का. आणि स्वयंपाकघरातून मीठ-तिखट न घालता मऊ खिचडी करून मिळेल का, नेमकं किती वाजता. गादीची गोष्ट ती पडू नये म्हणून विचारते. साडेआठ महिन्यांचं बाळ लोळतं, रांगतं, आणि हॉटेलचे पलंग उंच असतात. दोघांच्या मध्ये निजवलं की सुरक्षित, असं वाटतं, पण जाड मऊ गादी, मोठ्या उशा आणि रजई यांत तोंड दबण्याचा धोका आहे. जमिनीवर कडक गादी, त्यावर घरची घट्ट ताणलेली चादर, बाजूला उशी-लोड काही नाही, शेजारी तुम्ही. सापुताऱ्याला रात्री गारठा असतो. तिला सैल पांघरूण देण्यापेक्षा एकावर एक कपडे घाला आणि मानेच्या मागे हात लावून बघा. मान कोमट असेल तर पुरे, घामट लागली तर एक कपडा कमी करा. हातपाय थोडे गार लागले तरी त्यावरून ठरवू नका.

झोपायची वेळ पावणेआठ म्हणजे पावणेआठच. त्या वेळी खोलीत एक जण थांबणार, हे निघायच्या आधी ठरवा. एका रात्री तुम्ही, एका रात्री मिस्टर. सासूबाई हौसेने थांबतो म्हणाल्या तर तुम्ही दोघं तळ्यावर चक्कर मारून या.

खाण्याचं. सहलीत नवा पदार्थ एकही नको. काही सोसलं नाही तर ते प्रवासाने, पाण्याने की नव्या पदार्थाने, हे कळत नाही. वर्षाच्या आत मध नाही, दर्शनाच्या पंचामृतातलंही नाही, आणि मीठ-साखर घालायची नाही. रोजच्या ओळखीच्या चार गोष्टी पुरतात: सत्त्व, मूगडाळीची मऊ खिचडी, उकडून कुस्करलेलं रताळं, केळं. केळं तर सोलून लगेच देता येतं, वाटेसाठी त्याहून सोपं काही नाही.

घरची खिचडी सोबत नेणार असाल तर तोंड रुंद असलेला थर्मास घ्या. त्यात आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं झाकून ठेवा, ते ओता, आणि चुलीवरून उतरलेली वाफाळती खिचडी काठोकाठ भरा. गार थर्मासमध्ये कोमट खिचडी भरली तर जंतू वाढायला ती अगदी सोयीची जागा होते. उघडल्यावर वाफ दिसली नाही, नुसती कोमट लागली, तर ती तिला देऊ नका. वाटीत काढलेलं उष्टं उरलं तर टाका, नंतरसाठी ठेवू नका. बाहेर राहिलेलं शिजवलेलं अन्न दोन तासांपलीकडे द्यायचं नाही.

रात्रीच्या पावडरच्या दुधासाठी घरून मोजलेली कोरडी पावडर एकेका वेळेच्या डबीत न्या आणि दूध ऐन वेळी करा. पावडर स्वतः निर्जंतुक नसते, म्हणून बाटलीबंद पाणीही उकळूनच वापरायचं. ते उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे निदान 70 अंश गरम असताना, पावडर घाला. मग बंद बाटली नळाखाली धरून कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. केलेलं दूध तसंच राहिलं तर दोन तासांत संपवा, तिने तोंड लावलेलं उरलं तर टाका. खोलीत किटली आहे का, हेही फोनवर विचारून घ्या. नसेल तर घरून छोटी न्या.

अंगावर पाजण्याबद्दल एक गोष्ट आईला आधी माहीत असावी. या वयात बाळ पिताना इकडेतिकडे बघतं. तळ्याकाठी, हॉटेलच्या अंगणात ती दोन घोट घेऊन मान वळवेल. तुम्हाला वाटेल दूध कमी झालं. तसं नसतं. दिवसा कमी प्यायलेलं ती रात्री उठून भरून काढते, आणि मग रात्री दोनदाऐवजी चारदा उठते. त्यावर उपाय एवढाच, की दिवसाची दोन पाजणं तरी खोलीत, पडदे ओढून, शांतपणे करायची. दोन्ही झोपांनंतरची वेळ त्यासाठी चांगली. आणि तुमचं स्वतःचं पाणी-जेवण चुकवू नका.

पोट भरतंय की नाही हे किती प्यायली यावरून नाही, लंगोटावरून ओळखा. दिवसाला सहाच्या आसपास लंगोट ओले होत असतील तर निश्चिंत राहा. सहा ते आठ तास लंगोट कोरडा, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही किंवा बाळ मलूल, यातलं काहीही दिसलं तर तिथल्या डॉक्टरांना दाखवा, नाशिकला पोचायची वाट बघू नका. जुलाब झाले तर एक पाकीट ओआरएस एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा, प्रत्येक पातळ शौचानंतर चमच्या-चमच्याने 50 ते 100 मिलि द्या, अंगावर पाजणं चालूच ठेवा. सर्दी-खोकल्यात ती शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर रात्र काढू नका. वाटेत वणीला ग्रामीण रुग्णालय आहे, पण अशा बाळाला शक्यतो थेट नाशिकला आणा. दोन तासांत पोचता येतं, सापुतारा सुचवण्यामागे हेही एक कारण आहे.

तापाचं औषध घेताना एक काळजी. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांची ताकद वेगवेगळी असते, थेंब बरेच जास्त तीव्र असतात. तुमच्या डॉक्टरांकडून तिच्या आजच्या वजनाप्रमाणे किती मिलि, कोणत्या बाटलीतून, हे कागदावर लिहून घ्या आणि तीच बाटली न्या. तिथल्या दुकानातून दुसरी घेतली तर तो आकडा चालत नाही.

मधल्या दिवशी एकच बाहेर पडणं ठेवा: पहिल्या झोपेनंतर साडेदहा ते साडेबारा, तळ्यावर किंवा बागेत. दुपारची झोप खोलीत, सपाट गादीवर. चारनंतर खोलीच्या आसपासच, ऊन उतरलं की टोपी घालून आत.

घरी आल्यावर दोन-तीन रात्री ती पुन्हा जास्त उठेल. त्या दिवसांत झोळी परत बांधायचा मोह होईल. दिवसाच्या झोपांची वेळ जुन्या घड्याळावर आणा, तेच गाणं चालू ठेवा, आणि गादीवरची सवय लागली असेल तर ती मोडू नका. आठवड्याने गडावर जायचंय.